पाठ केलेला शब्द परीक्षेत का सुटतो

प्रश्न: मॅडम, मी सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीआरईसाठी हजार शब्दांची यादी दोनदा पाठ केली. इफेमरल म्हणजे क्षणभंगुर, युबिक्विटस म्हणजे सर्वव्यापी, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण सराव परीक्षेत तेच शब्द पर्यायांत आले की चुकतात. सगळे म्हणतात वाक्यांतून शीक. म्हणजे नेमकं करायचं काय? परीक्षेला चार महिने आहेत.

उत्तर:

आधी एक प्रश्न सोडव. हा मी स्वतः तयार केलाय आणि दर नव्या बॅचला पहिल्याच दिवशी देते. इंग्रजी वाक्याचा आशय असा: "त्या तरुण गायिकेची कीर्ती ____ ठरली; सभागृहं भरभरून तिला ऐकायला येणारे लोक एका हंगामातच तिचं नावही विसरले." पर्याय सहा आहेत: इफेमरल, युबिक्विटस, ट्रान्झिटरी, परव्हेसिव्ह, ल्युक्रेटिव्ह, डिझर्व्ड. यातले दोन निवडायचे. दोन्हींपैकी कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहायला हवा. जीआरईत या प्रकाराला सेंटेन्स इक्विव्हॅलन्स म्हणतात. एक बरोबर आणि एक चूक असेल तर अर्धा गुणही मिळत नाही.

माझ्याकडे एक मुलगी होती, यादी अगदी तोंडपाठ असलेली. तिनं युबिक्विटस आणि परव्हेसिव्ह निवडले. का, विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इफेमरल म्हणजे क्षणभंगुर. हिची कीर्ती तर अख्खा हंगाम टिकली, क्षणात कुठे गेली? आणि सभागृहं भरत होती म्हणजे कीर्ती सगळीकडे पसरली होती, म्हणून सर्वव्यापी."

तिचं उत्तर मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं, कारण त्यात एकही आळशी विचार नव्हता. पाठ केलेल्या अर्थावरून तिनं अगदी नीट तर्क केला होता. चूक तिच्या तर्कात नव्हती, अर्थात होती. परीक्षकांना हे ठाऊक असतं, म्हणून ते अशी दुसरी जोडीही ठेवतात. युबिक्विटस आणि परव्हेसिव्ह एकमेकांना जुळतात, वाक्याला जुळत नाहीत. ज्याला फक्त जोड्या माहीत आहेत तो तिथेच अडकतो.

आता त्या मराठी अर्थांकडे जरा बघू. "क्षणभंगुर" हा शब्द आपण कुठे ऐकतो? कीर्तनात, तेराव्याच्या दिवशी, देहाबद्दल, संसाराबद्दल. त्याच्यासोबत एक हळहळ येते, वैराग्य येतं. "सर्वव्यापी" कुठे ऐकतो? देवाबद्दल. यादीत आपण इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द लिहितो तेव्हा त्या मराठी शब्दाचं सगळं बिऱ्हाड इंग्रजी शब्दाच्या घरात राहायला येतं. मग इफेमरल म्हटलं की मनात नश्वर देह उभा राहतो आणि युबिक्विटस म्हटलं की परमेश्वर. इंग्रजीत हे दोन्ही शब्द कितीतरी साध्या कामांना वापरतात.

तू सोलापूरचा आहेस, म्हणून हे तुला लगेच पटेल. तेलुगू बोलणाऱ्यांच्या पूर्व भागात वाढलेल्या मराठी मुलाला तेलुगूचे दोन नकार कुणी शिकवलेले नसतात. दुकानात गेलं, वस्तू नसली की दुकानदार म्हणतो "लेदु". शेजारची आजी "हा तुझा भाऊ का?" या प्रश्नावर म्हणते "कादु". यादी केली तर दोन्हींसमोर "नाही" असंच लिहावं लागेल, आणि ते मूल आयुष्यभर गोंधळेल. पण शंभरदा ऐकलेल्या मुलाला पक्कं कळतं की वस्तू नसली की लेदु, आणि "तो हा नव्हे" असं म्हणायचं असलं की कादु. त्याला हा नियम सांगता येणार नाही, पण तो चुकणारही नाही. वाक्यातून शिकणं म्हणजे हेच. शब्दाचा अर्थ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ती हद्द वापरातून कळते. इंग्रजी शब्दांना ते शंभर प्रसंग आपल्या गल्लीत मिळत नाहीत, एवढाच फरक. म्हणून ते प्रसंग मुद्दाम गोळा करावे लागतात, आणि शंभर नाही, चार-पाच चांगले मिळाले तरी काम होतं.

इफेमरलचंच करून दाखवते. माझ्या त्या विद्यार्थिनीकडून मी नेमकं हेच करून घेतलं होतं.

पहिला प्रसंग भूगोलाचा. इंग्रजीत इफेमरल स्ट्रीम म्हणतात ती पाऊस पडल्यावरच वाहणारी आणि मग कोरडी होणारी जलधारा. आपल्या जिल्ह्यात असले ओढे कोणी पाहिले नाहीत? एरवी त्यातून बैलगाडी जाते, आणि मोठा पाऊस झाला की काही तास रस्ता बंद. इथे हळहळ नाही, वैराग्य नाही. भूगोलाच्या पुस्तकातला कोरडा पारिभाषिक शब्द आहे.

दुसरा जीवशास्त्राचा. मेफ्लाय नावाच्या कीटकांच्या गणाचं शास्त्रीय नावच एफेमेरोप्टेरा आहे. ग्रीक भाषेत "हेमेरा" म्हणजे दिवस, आणि त्यावरूनच आपला शब्द आला: दिवसभराचा. या कीटकाचं पंखवालं प्रौढ रूप काही तास ते एखाद-दोन दिवस जगतं. गंमत अशी की पाण्यातलं त्याचं बालपण कित्येक महिन्यांचं असू शकतं. म्हणजे हा शब्द कीटकाच्या त्या एका अवस्थेकडे बोट दाखवतो.

तिसरा तुझ्याच विषयातला, आणि मला खात्री आहे की तो तू आधीच शिकला आहेस. नेटवर्किंगच्या पेपरात इफेमरल पोर्ट येतं. तुझा ब्राउझर एखाद्या सर्व्हरला जोडला जातो तेव्हा सर्व्हरच्या बाजूचं पोर्ट ठरलेलं असतं, उदाहरणार्थ 443. तुझ्या मशीनच्या बाजूचं पोर्ट मात्र ऑपरेटिंग सिस्टिम त्या जोडणीपुरतं देते आणि जोडणी संपली की परत घेते. लिनक्सवर ही कमांड चालवून बघ:

```
cat /proc/sys/net/ipv4/ip_local_port_range
```

बहुतेक मशीनवर 32768 आणि 60999 हे दोन आकडे दिसतील. या टप्प्यातलं एखादं पोर्ट तुला तात्पुरतं मिळतं. आता विचार कर. तू तीन तासांचा सिनेमा ऑनलाइन पाहिलास आणि जोडणी तेवढा वेळ टिकली, तरी ते पोर्ट इफेमरलच. तीन तास म्हणजे क्षण नव्हे. मग इफेमरल का? कारण ते कायमचं नेमून दिलेलं नाही. काम झालं की त्याची काही खूण उरत नाही.

चौथा प्रसंग आपल्या गावचा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते तेव्हा होम मैदानावर गड्डा उभा राहतो. पाळणे, मौत का कुआँ, खाऊची दुकानं, दिव्यांच्या माळा, आणि काही दिवसांनी पुन्हा रिकामं मैदान. याचं वर्णन करताना इंग्रजी लेखक "इफेमरल सिटी" असं सहज लिहील, म्हणजे उभं राहतं आणि विरून जातं असं शहर. इथे थोडी हुरहुर आहे, पण ती शब्दातून येत नाही, जत्रा संपल्याच्या जाणिवेतून येते.

आणि पाचवा म्हणजे वरची गायिका: कीर्ती, लोकप्रियता, फॅशन, समाजमाध्यमांवरचं कौतुक. परीक्षेत हाच वापर सर्वांत जास्त दिसतो.

ओढा, कीटक, पोर्ट, जत्रा, कीर्ती. काही तासांपासून एका हंगामापर्यंत सगळ्यांची मुदत वेगळी. मग समान काय? घड्याळातला वेळ समान नाही. ती गोष्ट टिकण्यासाठी नसते, आणि वाक्याला नेमकं तेच सांगायचं असतं. माझ्या विद्यार्थिनीनं पाचवं वाक्य लिहून झाल्यावर स्वतःहून "क्षणभंगुर"वर काट मारली आणि वर लिहिलं, "न टिकणारं, थोड्या दिवसांचं पाहुणं". ते तिचं तिनं शोधलेलं वाक्य होतं. त्यानंतर तो शब्द तिचा कधी चुकला नाही.

इथे लगेच एक उलटी परीक्षा घ्यायची, आणि बहुतेक मुलं नेमकी हीच गाळतात: हा शब्द कुठे चालणार नाही? कॉलेजमधली पंधरा मिनिटांची सुट्टी इफेमरल म्हणता येईल का? नाही. ती नुसती छोटी आहे, तिला ब्रीफ म्हणतात. लांबी मोजायची असते तेव्हा ब्रीफ, न टिकणं सांगायचं असतं तेव्हा इफेमरल. आणि हंगामात कारखान्यांवर येणारे ऊसतोड कामगार? ते काही महिने राहून पुढे जातात. इंग्रजीत त्यांना ट्रान्झियंट पॉप्युलेशन म्हणतील, इफेमरल नाही म्हणणार, कारण माणसं नाहीशी होत नाहीत, फक्त इथून निघून जातात. ट्रान्झियंटमध्ये जाणं आहे, मुक्काम हलवणं आहे. तुमच्या सर्किटच्या विषयातला ट्रान्झियंट करंटही तसाच, स्थिर अवस्था येईपर्यंतचा. इव्हॅनेसंट वेगळा आहे: बघता बघता विरणारं, सकाळच्या दवासारखं, उदबत्तीच्या धुरासारखं. यादीत या तिन्हींसमोर एकच अर्थ लिहिलेला असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये हे तिन्ही शब्द कधी कधी एकमेकांची जोडी म्हणून येतात, आणि तिथे इतका बारीक फरक लागत नाही. फरक माहीत असल्याचा फायदा उतारे वाचताना होतो आणि टेक्स्ट कम्प्लीशनमध्ये होतो, जिथे एका रिकाम्या जागेत एकच शब्द बसतो. म्हणून प्रत्येक शब्दाच्या शेजाऱ्यांची वंशावळ काढत बसू नकोस. जे दोन-तीन शब्द तुझ्या मनात खरोखर एकमेकांत मिसळतात तेवढ्यांचीच हद्द आखून घे.

युबिक्विटसचं थोडक्यात सांगते, कारण पद्धत तीच. लॅटिनमध्ये "उबिक्वे" म्हणजे सगळीकडे. पण सोलापूरकर हा शब्द कशाला वापरेल? बाजारात जिथे जाल तिथे दिसणारी शेंगाचटणीची पाकिटं, चौकाचौकातली चहाची टपरी, हातोहाती असलेले मोबाइल. आपल्या बोलीत याला "जिकडंतिकडं तेच" म्हणतात, आणि तोच खरा अर्थ. देवाला इंग्रजीत बहुधा ऑम्निप्रेझंट म्हणतात. तुझ्या विषयातला प्रसंग हवा असेल तर मार्क वायझर यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत 1988च्या सुमारास मांडलेलं युबिक्विटस कम्प्युटिंग घे. त्यांचं म्हणणं होतं की संगणक इतके जागोजागी असतील की आपलं त्यांच्याकडे लक्षही जाणार नाही. जीवशास्त्रात युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन आहे. प्राणी आणि वनस्पतींच्या जवळपास सगळ्या पेशींत ते सापडतं, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. पेशी नको असलेली प्रथिनं कशी मोडते यात त्याची भूमिका शोधल्याबद्दल 2004चं रसायनशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं. हे दोन प्रसंग एकत्र ठेवलेस की लक्षात येईल: युबिक्विटस गोष्ट पसरलेली असते, वारंवार भेटते, आणि अनेकदा त्यामुळेच दुर्लक्षित राहते. गायिकेच्या वाक्यात तो का बसत नाही हे आता वेगळं सांगायला नको. अर्धविरामानंतरचं सगळं वाक्य विसरण्याबद्दल आहे, पसरण्याबद्दल नाही.

आता वही. मी मुलांना दोनशे पानी वही घ्यायला सांगते आणि एका शब्दाला अर्धं पान देते. वर्णानुक्रम नको, भेटला त्या क्रमानं. सगळ्यात वर, ज्या वाक्यात शब्द भेटला ते पूर्ण वाक्य, शब्दाच्या जागी रेघ ओढून. शब्द स्वतः पानाच्या मागच्या बाजूला. वाक्याखाली तो कोणत्या नामाला लागला ते: स्ट्रीम, फेम, पोर्ट. त्याखाली तुझा स्वतःचा पहिला अंदाज, तुझ्या घरच्या मराठीत, मग शब्दकोश पाहून केलेली दुरुस्ती. आणि खाली तीन-चार ओळी मोकळ्या. पुढच्या भेटी तिथे लिहायच्या. एका महिन्यानं वही उघडलीस की कुठल्या शब्दांच्या ओळी अजून रिकाम्या आहेत ते नुसतं पाहून कळतं. त्या शब्दांची तुझी ओळख अजून एकाच वाक्यापुरती आहे.

उजळणी करताना वाक्य वाचायचं आणि रेघेवरचा शब्द आठवायचा. शब्द बघून अर्थ म्हणायचा नाही. परीक्षेत नेमकं हेच करायचं असतं: वाक्य दिलेलं, जागा रिकामी. दुसऱ्या दिवशी एकदा, चार-पाच दिवसांनी एकदा, दोन आठवड्यांनी एकदा. तिसऱ्या वेळी अडलास तर त्या शब्दाला नवं वाक्य शोध. जुनंच वाक्य घोकलंस तर ते वाक्यच पाठ होतं आणि शब्द पुन्हा बंदिस्त होतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

अंदाज लिहायला सांगते त्याचं एक कारण आहे, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण "संदर्भावरून अर्थ ओळखा" या सल्ल्यात इथेच खड्डा आहे. संदर्भ दर वेळी खरं बोलत नाही. त्याच मुलीला एनर्व्हेटिंग हा शब्द भेटला होता. वाक्याचा आशय असा: "दुपारच्या एनर्व्हेटिंग उन्हानंतर प्रवासी संध्याकाळी नदीकाठी जमले आणि उशिरापर्यंत गप्पा मारत बसले." शब्द एनर्जीसारखा दिसतो, पुढे माणसं उत्साहानं गप्पा मारतायत. तिनं अंदाज बांधला: ऊर्जा देणारं, तरतरी आणणारं. शब्दकोश पाहिला नाही. पुढचे दोन महिने तोच अर्थ घेऊन फिरत होती. खरा अर्थ बरोबर उलट आहे: अंगातलं त्राण काढून घेणारं. सोलापूरच्या मे महिन्यातली दुपार म्हण. असाच फसवा रेस्टिव्ह: रेस्टसारखा दिसतो, अर्थ मात्र अस्वस्थ, आवरता न येणारा.

म्हणून क्रम पक्का ठेव: आधी अंदाज, मग शब्दकोश, मग दुसरं वाक्य. अंदाज गाळलास तर मेंदूला कामच मिळत नाही आणि शब्द यादीसारखाच वरवर राहतो. शब्दकोश गाळलास तर चुकीचा अर्थ घट्ट बसतो, आणि तुझ्याच प्रयत्नातून आलेला असल्यामुळे तो काढायला जड जातो. दुसरं वाक्य गाळलंस तर अर्थाची हद्द कळत नाही. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी वापर, उदाहरणाची वाक्यं देणारा. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशांत ती सोपी आणि चांगली असतात.

अंदाज कितपत धरावा हे ओळखायची एक साधी खूण सांगते. वाक्यात शब्दाचा अर्थ दुसऱ्या रीतीनं पुन्हा आलाय का ते बघ. अर्धविराम किंवा अपूर्णविरामानंतर तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत आलीय का? "ऑल्दो", "डिस्पाइट", "फार फ्रॉम" असा उलट दिशा दाखवणारा शब्द आहे का? असेल तर अंदाजाला आधार आहे. नसेल तर वाक्य त्या शब्दाबद्दल काही सांगतच नाहीये. "त्यानं मला एनर्व्हेटिंग वाटणारी ती दुपार आठवून दिली" एवढ्याच वाक्यावरून कोणीही काही ओळखू शकणार नाही. असं वाक्य वहीत लिहू नकोस, दुसरं शोध.

वाचायचं काय, हा पुढचा प्रश्न. इथे सोलापूरची हुशार मुलं एक चूक नेहमी करतात: एकदम अवघड मजकूर उचलतात. पानभर वाचायला तासभर लागतो, पंचवीस शब्दांवर खुणा होतात, आणि चौथ्या दिवशी सगळं बंद पडतं. वाचनातून शब्द उमगायला आजूबाजूचे जवळपास सगळे शब्द माहीत असावे लागतात. भाषाशिक्षणाच्या अभ्यासात याची साधारण मर्यादा 98 टक्के मानतात, म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. तू मोजून बघ. तीनशे शब्दांचा उतारा घे आणि अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मार. सहाच्या आसपास निघाले तर तो उतारा तुझा. पंधरा निघाले तर दोन महिन्यांनी त्याच्याकडे ये. विषय परीक्षेला धरून ठेव: जीवशास्त्र, पर्यावरण, कलेचा इतिहास, समाजशास्त्र. सायंटिफिक अमेरिकनसारख्या मासिकांतले लेख बऱ्याच मुलांना या मोजमापात बसतात. जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेचं स्वतःचं सराव साहित्य मात्र शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेव. ते थोडंच आहे आणि एकदा वाचलेलं वाक्य पुन्हा परीक्षा घ्यायला उपयोगी पडत नाही.

पण नुसत्या वाचनावर सोडून देशील तर चार महिने पुरणार नाहीत. हे या पद्धतीचं खरं दुबळेपण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रवेश परीक्षेचे शब्द मुळात कमी वापरातले असतात. आज भेटलेला शब्द पुन्हा कधी समोर येईल याचा भरवसा नाही, आणि एका भेटीत शब्द क्वचितच टिकतो. म्हणून शब्द भेटला की पुढच्या भेटी आपणच घडवून आणायच्या. अमेरिकन इंग्रजीच्या अब्जावर शब्दांचा कोका नावाचा संग्रह english-corpora.org वर आहे. तिथे शब्द टाकला की तो कुठल्या नामांसोबत येतो ते दिसतं आणि खरी वाक्यं मिळतात. त्यातली वेगवेगळ्या क्षेत्रांतली तीन निवड, जसा आपण इफेमरलचा ओढा, कीटक आणि पोर्ट घेतला. तीनही वाक्यं कीर्तीबद्दलची घेतलीस तर हद्द पुन्हा अर्धवट राहील.

आणि तुझी हजार शब्दांची यादी फेकू नकोस. तिचं काम बदल. ती आता हजेरीपट म्हणून वापर. महिन्यातून एकदा तिच्यावरून नजर फिरव आणि ज्या शब्दाचं एखादं वाक्य लगेच डोळ्यांसमोर येतं त्याच्यापुढे खूण कर. नुसता मराठी अर्थ आठवला तर खूण नाही. पहिल्या वेळी तुला धक्का बसेल इतक्या कमी खुणा होतील. पण त्यावरून खरी शिल्लक कळेल. जे शब्द वाचनात भेटतच नाहीत ते या यादीतून उचलून कोकामध्ये शोधायचे.

हिशेब असा बसतो. दिवसाला आठ शब्द, आठवड्यातले पाच दिवस. शनिवारी नवे शब्द नाहीत, फक्त उजळणी, आणि रविवारी सुट्टी. बारा आठवड्यांत साधारण 480 शब्द होतात. एका शब्दाला सुरुवातीला आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणजे रोज जवळजवळ सव्वा तास. शेवटचे चार आठवडे नवा शब्द अजिबात नको. यादीतले हजार होणार नाहीत, हे आधीच स्वीकार. नीट ओळखीचे 480 शब्द गायिकेसारख्या वाक्यात उपयोगी पडतात. अर्धवट ओळखीच्या हजारांनी काय केलं ते तू स्वतः अनुभवलंस.

या चार महिन्यांत थोडी जागा "सोप्या" शब्दांनाही दे. क्वालिफाय तुला माहीत आहे, पात्र ठरणे. पण उताऱ्यात "लेखिकेनं आपलं विधान क्वालिफाय केलं" असं येतं तेव्हा अर्थ असतो, तिनं त्याला मर्यादा घातली, "सगळीकडे नाही, काही ठिकाणी" असं म्हटलं. सँक्शन म्हणजे मंजुरी, हे कर्जामुळे घरोघरी माहीत आहे, पण त्याचा दुसरा अर्थ दंड, निर्बंध असा जवळजवळ उलटा आहे. अवघड शब्दांच्या यादीत यांना जागा मिळत नाही आणि "हे येतं" म्हणून आपणही पुढे जातो. वाचताना ओळखीचा शब्द आहे पण वाक्य जुळत नाही असं वाटलं, तर तो शब्द वहीत जायला हवा.

शेवटचं, परीक्षेच्या खोलीतलं. आता जीआरई आखूड झालीय. व्हर्बलचे दोन भाग मिळून 27 प्रश्न आणि 41 मिनिटं असतात, आणि साधारण निम्मे प्रश्न रिकाम्या जागांचे. पर्यायांकडे आधी बघू नकोस. हातानं झाक म्हटलं तरी चालेल, माझी मुलं सरावात पडद्यावर वही धरतात. वाक्य वाच, दिशा दाखवणारे शब्द शोध आणि रिकाम्या जागेत स्वतःचा मराठी शब्द घाल. गायिकेच्या वाक्यात कोणीही म्हणेल, "चार दिवसांची". मग पर्याय उघड आणि "चार दिवसांची"ला जुळणारे दोन शोध: इफेमरल आणि ट्रान्झिटरी. पर्याय आधी पाहिलेस तर ओळखीचा शब्द तुला ओढतो आणि तू वाक्य त्याच्यामागे वाकवतोस. माझ्या त्या विद्यार्थिनीनं सभागृहं भरण्यावरून सर्वव्यापी गाठलं ते असंच. पर्यायांतला एखादा शब्द अजिबातच माहीत नसेल तर माहीत असलेले आधी तपास. उरलेल्यांत जोडीच बनत नसेल तर एक मिनिटाच्या वर तिथे थांबू नकोस. प्रश्नावर खूण कर, पुढे जा, आणि भाग संपायच्या आत परत ये. उणे गुण नाहीत, त्यामुळे रिकामा सोडू नकोस.

आज रात्री सुरुवात करायची असेल तर तुझ्या नेटवर्किंगच्या वहीतलं इफेमरल पोर्टचं पान काढ. पहिलं वाक्य तिथेच आहे.